‘नफा चौपट’ नव्हे!



गेल्या अंकातील पत्रलेखकांनी ‘आयटीसी’चा जानेवारी–मार्च २०२५चा नफा जवळपास चौपट झाल्याचे लिहिले आहे. एकत्रित निकालातील सुमारे १९,८०० कोटींचा आकडा खरा आहे, निष्कर्ष मात्र चुकला आहे. त्यात सुमारे १५,००० कोटींचा लाभ हॉटेल व्यवसाय वेगळा केल्याचा आहे. भागधारकांना दहा शेअरमागे नव्या कंपनीचा एक शेअर दिला गेला. त्या व्यवसायाचे बाजारमूल्य आणि वहीतले मूल्य यांतला फरक हिशेबाच्या नियमाने नफा म्हणून दाखवावा लागला. या नोंदीतून कंपनीच्या तिजोरीत रोकड आली नाही. निकालपत्रात ही रक्कम ‘डिसकंटिन्यूड ऑपरेशन्स’खाली असते. तिच्या वरची, चालू व्यवसायाच्या नफ्याची ओळ पाहिली तर वाढ जेमतेम एक टक्का दिसते.

हाच फुगलेला आकडा पुढच्या वर्षी तुलनेचा पाया होतो आणि धंदा जिथल्या तिथे असूनही नफा कोसळल्याचे भासते. म्हणून दोन्ही वर्षांतून एकवेळची रक्कम वगळूनच टक्के काढावेत.

‘मागच्या तिमाहीशीच तुलना करा’ हा पत्रलेखकांचा सल्लाही मला धोक्याचा वाटतो. एसी विकणाऱ्या कंपनीची विक्री एप्रिल–जूनमध्ये चढते, पावसाळ्यात उतरते. तिथे मागच्या वर्षीची तीच तिमाही शेजारी ठेवावी. मागची तिमाही बघायची ती कच्च्या मालाचा भाव अलीकडे बदलला असेल, तेव्हा.

– एक भागधारक, पुणे