पोरगं लक्ष देत नाही की त्याला ऐकूच येत नाही?

मागच्या वर्षी ऑगस्टात बहिणीचा फोन आला. "दादा, शाळेत बोलावलं होतं. बाई म्हणतात, पोरगी वर्गात हरवलेली असते. तीनदा हाक मारली तर एकदा पाहते. एखाद्या मानसोपचारवाल्याला दाखवा म्हणून राहिल्या."

भाची तेव्हा साडेसात वर्षांची, दुसरीत. नागपुरात मानेवाड्याला राहतात. मी काटोलचा, बातमीदारीच्या निमित्तानं आठवड्यातून एकदा नागपूर होतंच. त्या शनिवारी गेलो. पोरगी टीव्हीला चिकटून बसली होती, आवाज एवढा की आम्हाला एकमेकांचं बोलणं ऐकू येईना. मागून नेहमीच्या आवाजात म्हटलं, "चॉकलेट आणलं बरं का." हललीसुद्धा नाही. समोर जाऊन तेच म्हटलं तर उडी मारून आली. बहिणीला म्हटलं, आधी कान दाखव, बाकीचं नंतर.

कान कधी दुखला नव्हता, कधी वाहिला नव्हता, ताप नव्हता. त्यामुळे घरात कुणाच्या डोक्यात कान आलाच नाही. या दुखण्याची गंमत म्हणा की खोड म्हणा, ती हीच आहे.

कानाच्या पडद्यामागे हवेनं भरलेली एक छोटी पोकळी असते. तिथून एक बारीक नळी नाकाच्या मागे, घशाच्या वरच्या भागात उघडते. आपण आवंढा गिळतो, जांभई देतो तेव्हा ती क्षणभर उघडते आणि आत हवा जाते. लहान मुलांमध्ये ही नळी आखूड आणि बरीचशी आडवी असते. सर्दीनं ती सुजली, किंवा नाकामागची एडेनॉइडची गाठ वाढली, की हवा जाणं बंद होतं आणि पोकळीत पाणी साठतं. कधी ते पातळ असतं, कधी डिंकासारखं चिकट. घरात विडी-सिगारेटचा धूर असेल तर हा त्रास जास्त दिसतो.

पाणी साठलं की पडदा मोकळेपणानं हलत नाही. मूल बहिरं होत नाही, पण ऐकणं साधारण 20 ते 35 डेसिबलनं कमी होतं. म्हणजे किती? दोन्ही कानांत बोटं घालून दिवसभर शाळेत बसून बघा, जवळपास तेवढं. मोठ्यानं बोललेलं कळतं, समोरून बोललेलं कळतं. हळू बोललेलं, लांबून बोललेलं, पाठ करून बोललेलं निसटतं.

आता आपला वर्ग डोळ्यांसमोर आणा. चाळीस-पन्नास पोरं, डोक्यावर खडखडणारा पंखा, उन्हाळा असेल तर खिडकीत कूलर. बाई फळ्यावर लिहिता लिहिता, वर्गाकडे पाठ करून बोलतात. अशा वेळी आधी हरवतात ते स, श, फ, त यांसारखे हलके आवाज आणि शब्दांची शेपटं. "रामाने" की "रामाला", पोराला अंदाजानं ठरवावं लागतं. श्रुतलेखनात "साप" सांगितलं तर वहीत "ताप" येतो. असा अंदाज बांधत तास-दीड तास गेला की पोरगं थकतं, खिडकीबाहेर पाहतं, शेजारच्याला विचारतं, खोड्या काढतं. बाई म्हणतात लक्ष नाही. बाईंचं तरी काय चुकलं? त्यांना दिसतं तेच त्या सांगतात.

भाचीला एका खासगी डॉक्टरकडे नेलं. नाव लिहीत नाही, कारण मुद्दा नावाचा नाही. त्यांनी कानात पाहिलं, "दोन्हीकडे पाणी आहे" म्हणाले, आणि त्याच आठवड्यात ऑपरेशनची तारीख द्यायला निघाले. ऐकण्याची तपासणीसुद्धा न करता. बहीण घाबरून हो म्हणायच्या बेतात होती.

दुसऱ्या डॉक्टरांनी आधी दोन तपासण्या केल्या. पहिली ऑडिओमेट्री. कानाला हेडफोन लावून बारीक बारीक आवाज ऐकवतात, ऐकू आला की मुलानं बटण दाबायचं. उजवा कान 30 डेसिबल, डावा 35. दुसरी टिम्पॅनोमेट्री. कानात रबरी टोक बसवून हवेचा दाब कमी-जास्त करतात आणि पडदा किती हलतो ते यंत्र कागदावर काढतं. निरोगी कानात मधोमध डोंगरासारखं टोक येतं. भाचीची दोन्हीकडे सरळ सपाट रेघ. दोन-चार मिनिटांचं काम, दुखत नाही.

मग ते म्हणाले, "आता तीन महिने थांबायचं."

बहिणीला ते पटेना. पाणी आहे, ऐकू कमी येतं, मग थांबायचं कशाला? त्यांनी सांगितलं ते नीट समजून घेण्यासारखं आहे. सर्दीनंतर साठलेलं हे पाणी बहुतेक मुलांमध्ये तीन महिन्यांच्या आत आपोआप जातं. त्यामुळे पाणी दिसलं म्हणून लगेच ऑपरेशन हा नियम नाही. इंग्लंड-अमेरिकेच्या मार्गदर्शक सूचनाही तीन महिन्यांनी पुन्हा तपासा असंच सांगतात. आणि या पाण्यासाठी अँटिबायोटिक, सर्दीच्या गोळ्या, स्टिरॉइड यांचा उपयोग होत नाही, हेही त्यात आहे. आपल्याकडे मात्र तीन-तीन कोर्स झालेली पोरं सापडतात.

पण थांबायचं म्हणजे हातावर हात ठेवून बसायचं नाही. त्यांनी शाळेसाठी चिठ्ठी दिली: पहिल्या बाकावर बसवा, पंख्याच्या आवाजापासून दूर, सूचना तोंड दाखवून द्या, समजलं का ते तिच्याच तोंडून वदवून घ्या. घरी टीव्ही बंद करून बोला. आणि पुढच्या तपासणीची तारीख कागदावर लिहून दिली. त्या तारखेशिवाय थांबणं म्हणजे विसरणंच.

त्याच पावसाळ्यात आमच्या काटोलात शेजारच्या सहा वर्षांच्या पोराला हेच निघालं. तोही तीन महिने थांबला. दिवाळीनंतर तपासलं तर रेघेला डोंगर आला होता, ऐकणंही ठीक झालं होतं. विषय संपला. त्याचं ऑगस्टात ऑपरेशन केलं असतं तर आम्ही सगळे म्हणालो असतो, ऑपरेशननं बरा झाला.

भाचीचं तसं झालं नाही. डिसेंबरच्या सुरुवातीला पुन्हा सपाट रेघ, दोन्ही कान 35. तीन महिने उलटलेले, दोन्ही बाजूंना पाणी, ऐकणं मोजून कमी, आणि शाळेत त्याचा परिणाम दिसतोय. ग्रोमेटचा विचार होतो तो इथे. पाणी टिकून आहे आणि त्यानं ऐकणं अडतंय, या दोन्ही गोष्टी लागतात. नुसतं पाणी आहे पण ऐकू नीट येतं, तर बहुधा लक्ष ठेवणं पुरतं. टाळू फाटलेली मुलं, डाउन सिंड्रोम असलेली मुलं यांची गोष्ट वेगळी. त्यांच्यात हे पाणी सहज जात नाही, म्हणून त्यांचा निर्णय तज्ज्ञ वेगळा आणि लवकर घेतात.

ग्रोमेट म्हणजे तांदळाच्या दाण्याहून लहान, मधे भोक असलेली नळी. भूल देऊन पडद्याला बारीक चीर देतात, पाणी ओढून काढतात आणि नळी बसवतात. नाकाची नळी बंद असली तरी आता हवा या भोकातून आत जाते. चारेक वर्षांपुढच्या मुलांमध्ये एडेनॉइड वाढलेलं असेल तर तेही त्याच वेळी काढण्याचा विचार होतो. भाचीचं दोन्ही केलं, संध्याकाळी घरी आली. दुसऱ्या दिवशी कुकरची शिट्टी झाली तर कानांवर हात ठेवून म्हणाली, "आई, हा एवढ्यानं वाजतो?" बहीण रडली.

आता दुसरी बाजूही सांगतो. ग्रोमेट कायमचं नसतं. सहा महिने ते वर्षभरात, कधी थोडं पुढे, पडदा त्याला आपोआप बाहेर ढकलतो. फायदा मुख्यतः त्या काळापुरता असतो, तोवर मूल मोठं होतं आणि नळी सुधारते. काहींना पुन्हा बसवावं लागतं. नळी असताना कान वाहू शकतो, तेव्हा कानात टाकायचे थेंब लागतात. शंभरात एक-दोघांच्या पडद्याला भोक राहून जातं. भाचीची नळी नऊ महिन्यांनी पडली, कान सध्या ठीक आहेत. आणि ती वर्गात पहिली वगैरे आली नाही. गणिताचा कंटाळा होता, तो आहेच. पण हाक मारली की पाहते. लक्ष नसण्याची कारणं अनेक असतात आणि ग्रोमेट त्या सगळ्यांवरचं औषध नाही. म्हणून तर आधी मोजायचं.

आता पत्रकार म्हणून बोलतो. 2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू आहे. त्याची पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी, अनुदानित शाळांत एकदा येतात. कानाचे आजार आणि कमी ऐकू येणं त्यांच्या यादीत आहे. योजना चांगली आहे, तिनं कितीतरी पोरांच्या हृदयाची ऑपरेशनं झालीत. पण या पाण्याच्या बाबतीत ती दोन ठिकाणी कमी पडते. एक, वाहणारा कान कुणालाही दिसतो. पडद्यामागचं पाणी बॅटरीच्या उजेडात धड दिसत नाही, आणि पोरगं स्वतः तक्रार करत नाही. दोन, हे पाणी येतं-जातं. पथक एप्रिलात आलं तर कान कोरडे, ऑगस्टात आलं तर निम्म्या वर्गाला सर्दी. एका दिवसाच्या तपासणीवरून टिकलेलं पाणी कळूच शकत नाही. त्यासाठी दुसरी तपासणी लागते, आणि कार्यक्रमात नेमकी तीच ठरलेली नाही. विनाअनुदानित इंग्रजी शाळांत तर पथक जातच नाही. भाची अशाच शाळेत आहे.

माझं म्हणणं मोठ्या खर्चाचं नाही. ज्या पोराबद्दल बाई "लक्ष नाही" म्हणतात, त्याचं नाव पथकाला आधी द्यावं. त्याची ऑडिओमेट्री आणि टिम्पॅनोमेट्री व्हावी. पाणी निघालं तर तीन महिन्यांनंतरची तारीख त्याच्या कार्डावर लिहावी आणि त्या दिवशी आलं की नाही ते शाळेनं पाहावं. नागपुरात मेडिकल, मेयो, एम्स आहेत. पण काटोल, उमरेड, रामटेकच्या मजूर बाईला दोनदा रोजी बुडवून नागपूरला या म्हणणं म्हणजे दुसऱ्यांदा येऊ नका म्हणण्यासारखंच. महिन्यातून एक दिवस ऑडिओलॉजिस्ट आणि यंत्र तालुक्याच्या रुग्णालयात यावं. आमदार-खासदार वाचत असतील तर हे लिहून घ्या.

आणि शिक्षक-पालकांनो, शेरा लिहिण्याआधी, धपाटा घालण्याआधी एक करा. पोराच्या मागे चार पावलांवर उभे राहून नेहमीच्या आवाजात त्याच्या आवडीची गोष्ट सांगा. दोन-तीन वेगवेगळ्या दिवशी. वळलं नाही तर कान तपासा. वळलं तरी शंका असेल तर तपासाच, घरची परीक्षा म्हणजे मोजमाप नव्हे.

तुमच्या शाळेत पथक यंदा कधी आलं होतं, कानाचं काय पाहिलं, ते कमेंटमध्ये लिहा. गावाचं नाव टाका, मुलाचं नको.