श्वास खोल नव्हे, संथ हवा

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर धडकले. त्या दुपारी स्वतःच्या घरावरची कौले उडताना पाहिलेल्या एक सत्तरीच्या आजी पुढच्या पावसाळ्यात माझ्याकडे आल्या. वारा सुटला की त्यांची छाती धडधडे, श्वास पुरेना, डोके ठणके आणि दोन्ही हातांना मुंग्या येत. सूनबाई धीर देत, ‘‘आई, मोठा श्वास घ्या,’’ आणि त्रास अधिकच वाढे.

बाहेर सोसाट्याचा वारा होता आणि दवाखान्यातच त्यांना तसा झटका आला. श्वास मिनिटाला तीस. मात्र ऑक्सिमीटरवर आकडा ९९. ईसीजी, रक्तदाब व साखर यांत काळजीचे काही आढळले नाही.

वाचकहो, येथे प्राणवायू कमी नसतो. भीतीने श्वास भराभर चालतो आणि रक्तातील कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर पडतो. त्यामुळे मेंदूच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. डोके हलके होते वा दुखते. रक्ताची आम्लता घटून कॅल्शियमचा उपयोगी अंशही कमी होतो, म्हणून बोटांना व ओठांभोवती मुंग्या येतात. या खुणांनी भीती वाढते, भीतीने श्वास आणखी वेगावतो. अशा वेळी मोठा श्वास घेणे म्हणजे आगीत तेल ओतणे होय.

आजींना मी खुर्चीत टेकून बसवले, एक हात पोटावर ठेवायला सांगितला. प्रथम श्वास सावकाश बाहेर सोडायचा. मग नाकाने, नेहमीइतकाच, मनात चार आकडे मोजत आत घ्यायचा आणि ओठ किंचित मिटून सहा आकडे मोजत सोडायचा. सुरुवातीला सहापर्यंत जमले नाही, तेव्हा चारवर थांबलो. सूनबाईंनी शेजारी बसून आकडे मोजले. दहा मिनिटांत मुंग्या ओसरल्या. डोकेदुखी मात्र थोड्या उशिराने थांबली. हाच सराव रोज सकाळ-संध्याकाळ पाच मिनिटे केल्यास ऐनवेळी तो आठवतो. तोंडाला कागदी पिशवी लावण्याचा जुना उपाय टाळावा. मूळ दुखणे हृदयाचे वा फुप्फुसाचे असल्यास तो घातक ठरतो.

एक मर्यादा ध्यानी असू द्यावी. उतारवयात असा त्रास प्रथमच झाला, तर तो भीतीचाच आहे असे घरी ठरवू नये. छातीत दुखणे, दरदरून घाम, एकाच बाजूच्या हाताला बधिरपणा वा अशक्तपणा, वाकडे तोंड, अडखळते बोलणे, अचानक असह्य डोकेदुखी, ताप, किंवा ऑक्सिजन ९४च्या खाली असल्यास श्वास मोजत बसू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. मधुमेह्यांची साखर लगेच तपासावी. झटके वारंवार येऊ लागले, तर त्यांवर समुपदेशन व औषधे आहेत.

आजी अजूनही वाऱ्याला घाबरतात. मात्र आता सूनबाई ‘‘मोठा श्वास घ्या’’ म्हणत नाहीत. ‘‘आई, आधी सावकाश सोडा,’’ म्हणतात.