गार लागेना, करंट मात्र लागतो!

आमच्या कबनुरातले एक शेजारी, वय पंचावन्न, यंत्रमागावर पाळी करतात. त्यांना आम्ही तात्या म्हणतो. खालची उजवी दाढ चावताना दुखू लागली म्हणून आम्ही त्यांना दाताच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. प्रश्न एकच होता : दाढेतली नस जिवंत आहे की मेली?

डॉक्टरांनी आधी डाव्या बाजूची तशीच चांगली दाढ तपासली. थंड फवारा मारलेला कापसाचा बोळा लावताच तात्यांना गार लागले आणि बोळा काढल्यावर दोन-तीन सेकंदांत ते थांबले. हे निरोगी नसेचे लक्षण. बोळा काढूनही कळ रेंगाळली, तर नसेला मोठी सूज आहे असे समजतात. दुखऱ्या दाढेला मात्र गार लागलेच नाही.

मग विजेची चाचणी झाली. दात कोरडा करून यंत्राच्या टोकाला थोडी टूथपेस्ट लावतात आणि करंट शून्यापासून हळूहळू वाढवतात. मुंग्या आल्या की सांगायचे. चांगल्या दाढेला ३० वर मुंग्या आल्या, दुखऱ्या दाढेला ५८ वर. तात्या खूश झाले, "म्हणजे जिवंत आहे की! गोळ्या घेऊन चालवू."

डॉक्टर म्हणाले, "तात्या, थांबा. करंट दुसऱ्या वाटेनंही जातो." त्या दाढेत चांदी भरलेली होती आणि ती शेजारच्या दाताला टेकली होती. मधे प्लॅस्टिकची पट्टी घालून, दाढ पुन्हा कोरडी करून चाचणी घेतली. यंत्र शेवटच्या ८० या आकड्यापर्यंत गेले तरी मुंग्या आल्या नाहीत. पहिल्या वेळी शेजारचा दातच बोलला होता! दाढ ठोकल्यावर दुखली आणि एक्स-रेत मुळाच्या टोकाशी काळी सावली दिसली. दाढ उघडल्यावर आत जिवंत नस नव्हती. मेलेल्या नसेतला पातळ पूही असाच करंट वाहून नेतो.

उलटेही घडते. तात्यांच्या वृद्ध आईंना कोणत्याच दाताला गार लागले नाही. करंट मात्र सगळ्या दातांना लागला. वयाने दातातली पोकळी आकसते, म्हणून गारवा आत पोचत नाही. सगळे दात सारखेच वागले, ठोकून दुखले नाहीत आणि एक्स-रेही साफ निघाला. त्यामुळे डॉक्टरांनी एकाही दाताला हात लावला नाही.

दोन्ही चाचण्या मज्जातंतूची जाणीव तपासतात, रक्तपुरवठा नाही. म्हणून मार लागलेला दात काही आठवडे, कधी दोन-तीन महिने मुका राहतो आणि पुन्हा बोलू लागतो. तेवढ्यावरून त्याची नस काढू नये. यंत्रावरचा आकडाही नसेची तब्येत सांगत नाही.

तेव्हा वाचकहो, डॉक्टरांकडे जाताना दुखण्याची गोळी घेतली असेल तर सांगा, कारण तिने उत्तर बदलते. हृदयात पेसमेकर असेल तर विजेच्या चाचणीआधीच सांगा. आणि दोन चाचण्यांचे जमले नाही, तर विचारा : "शेजारचा आणि पलीकडचा दात तपासला का?"