कानांची उधारी फिटत नाही

आमच्या दहावीच्या वर्गात उर्दूचा इमला घेताना एक मुलगा ‘साफ’ सांगितले की ‘सात’ लिहू लागला. आधी वाटले, लक्ष नाही. मग ध्यानात आले की पहिल्या बाकावर बसवले तर चुका कमी होतात. अम्मीला बोलावून विचारले, तेव्हा कळले की रात्री निजताना त्याच्या कानात शिट्टी वाजते. कानाच्या डॉक्टरांनी श्रवणचाचणी केली, तर उंच पट्टीचे आवाज ऐकण्यात घट निघाली.

कारण शोधायला लांब जावे लागले नाही. शाळेला येता-जाता पाऊण-पाऊण तास एसटी, आणि कानात इअरफोन. बसच्या घरघरीत गाणे ऐकू येत नाही म्हणून आवाज चढवायचा. हिशेब केला तर आठवड्याचे नऊ तास झाले.

आता मर्यादा पाहू. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्या माणसाने ८० डेसिबलवर आठवड्याला ४० तास ऐकले तर चालते. मात्र आवाज दर ३ डेसिबलने वाढला की वेळ निम्मी होते. ८३ वर २० तास, ८६ वर १०, ८९ वर ५ आणि ९२ वर फक्त अडीच. बसमध्ये चढवलेला आवाज सहज ९० च्या पुढे जातो. म्हणजे त्या मुलाने अडीच तासांच्या जागी नऊ तास खर्चले. लहान मुलांसाठी तर मर्यादा ७५ डेसिबल धरतात.

कानाच्या आतल्या शंखात बारीक केसांसारख्या पेशी असतात. मोठ्या आवाजाने त्या थकतात, विश्रांती मिळाली तर सावरतात. पण रोज मार बसला तर मरतात, आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. आधी उंच पट्टी ऐकणाऱ्या पेशी जातात, म्हणून स, फ, त अशी अक्षरे धूसर होतात. आवाज येतो, शब्द कळत नाही.

मग घरात काय करावे? शांत खोलीत बसून आवाज ठरवावा आणि तो पट्टीच्या साठ टक्क्यांवर जाऊ देऊ नये. बसमध्ये तो वाढवायचा नाही. ऐकू येत नसेल तर इअरफोन काढून ठेवावा किंवा बाहेरचा आवाज अडवणारा, कानात नीट बसणारा घ्यावा. बऱ्याच फोनच्या सेटिंगमध्ये आवाजाला कमाल मर्यादा घालता येते, ती मुलांच्या फोनवर आजच घाला. तासाभराने कानांना थोडी विश्रांती द्यावी. हातभर अंतरावरून अब्बांनी साध्या आवाजात हाक मारली आणि ती ऐकू आली नाही, तर आवाज जास्त आहे असे समजावे.

इअरफोन काढल्यावर कानात गुंजन किंवा दडे बसल्यासारखे वाटले तर तो इशारा आहे. दोन दिवसांत गेले नाही, तर डॉक्टरांकडे जा. एकाएकी ऐकू येईनासे झाले, तर त्याच दिवशी जा.

तो मुलगा आता पहिल्या बाकावर बसतो, इअरफोन घरी ठेवतो. घट पुढे वाढलेली नाही. गेलेले मात्र परत आले नाही.