खरेदी आदेशात अडॅप्टरची दिशा लिहा

गोंदिया जिल्ह्यातल्या ग्रामपंचायती, आपले सरकार सेवा केंद्रे, शाळा आणि धान खरेदी केंद्रांसाठी संगणक व मॉनिटर बहुधा वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या निधीतून येतात. मग संगणकाच्या मागे एक पोर्ट असतो आणि मॉनिटरच्या मागे दुसरा. ही जोडणी कशी होणार, हे कागदावर कुठेच नसते. ‘कन्व्हर्टर, नग १’ एवढीच ओळ लिहिली जाते. ही ओळ अपुरी आहे आणि ती बदलायला हवी, असे माझे म्हणणे आहे. त्यामागची कारणे पुढे मुद्देवार मांडतो.

१. दोन पोर्ट दिसायला जवळचे, पण काम करण्याची रीत वेगळी

एचडीएमआय हे मानक २००२ च्या अखेरीस आले. सोनी, पॅनासॉनिक, फिलिप्स, तोशिबा अशा टीव्ही बनवणाऱ्या कंपन्यांच्या पुढाकारातून ते तयार झाले, म्हणून टीव्ही आणि प्रोजेक्टरला तोच पोर्ट असतो. डिस्प्लेपोर्ट २००६ मध्ये आला. तो संगणकाच्या पडद्यांची मानके ठरवणाऱ्या व्हेसा या संस्थेचा, म्हणून कचेऱ्यांसाठी बनवलेल्या डेस्कटॉपवर तो हमखास दिसतो. उदाहरणार्थ, आजही जुन्या बाजारात मिळणाऱ्या डेल ऑप्टिप्लेक्स ७०१० या २०१२ च्या संगणकावर दोन डिस्प्लेपोर्ट आणि एक व्हीजीए असतो, एचडीएमआय नसतोच.

ओळखायला सोपे आहे. एचडीएमआयच्या तोंडाचे खालचे दोन्ही कोपरे निमुळते असतात. डिस्प्लेपोर्टचा एकच कोपरा कापलेला असतो. फरक मात्र आकारापुरता नाही. एचडीएमआयच्या तारांमधून चित्राचा प्रवाह एका ठरलेल्या ठेक्यावर अखंड जातो. डिस्प्लेपोर्ट तेच चित्र छोट्या पाकिटांत बांधून पाठवतो आणि पाठवण्याआधी मॉनिटरशी वेग ठरवून घेतो. त्यामुळे फक्त टोकाचा आकार बदलून एकाचे दुसरे होत नाही.

२. स्वस्त अडॅप्टर एकाच दिशेने का चालतो

संपूर्ण घोळाचे मूळ इथे आहे. संगणकाचा डिस्प्लेपोर्ट आणि मॉनिटरचा एचडीएमआय जोडणारी साधी केबल चालते, कारण खरे काम केबल करतच नाही. बहुतेक संगणकांच्या डिस्प्लेपोर्टमध्ये एक जादा सोय असते. पोर्टजवळ ‘डीपी’ अक्षरांच्या खुणेला दोन अधिक चिन्हे जोडलेली असतील, तर ती सोय आहे असे समजावे. अडॅप्टर लावला की त्यातल्या एका पिनमुळे संगणकाला कळते की पलीकडे एचडीएमआय आहे. मग संगणक पाकिटे बांधणे थांबवतो आणि त्याच पोर्टमधून एचडीएमआयच्या पद्धतीचा प्रवाह सोडतो. अडॅप्टर फक्त विजेची पातळी जुळवून देतो.

आता उलट बाजू पाहा. संगणकाला किंवा लॅपटॉपला एचडीएमआय आहे आणि मॉनिटरला डिस्प्लेपोर्ट. लॅपटॉपच्या एचडीएमआयला पाकिटे बांधता येत नाहीत आणि मॉनिटरच्या डिस्प्लेपोर्टला तो अखंड प्रवाह वाचता येत नाही. जुळवून घेण्याची सोय दोघांपैकी कुणाकडेच नाही. म्हणून मध्ये चिप असलेले वेगळे उपकरण लागते. ते एचडीएमआयचा प्रवाह घेते, त्याची पाकिटे बांधते आणि मॉनिटरशी बोलणी करून पुढे पाठवते. त्याला वीजही जास्त लागते. एचडीएमआय पोर्टमधून हमखास मिळणारी वीज फार थोडी, पाच व्होल्टवर ५५ मिलिअँपिअर. त्यामुळे अशा उपकरणाला सहसा यूएसबीची एक जादा वायर जोडलेली असते. ‘एचडीएमआय ते डिस्प्लेपोर्ट’ म्हणून विकायला ठेवलेल्या वस्तूला ती वायर नसेल, तर घेण्याआधी दुकानातच जोडून बघावे.

चूक सहज होते, कारण दोन टोकांच्या साध्या केबलला उलटे लावण्यापासून कुणी अडवत नाही. दोन्ही टोके नीट बसतात. सहसा काही जळत नाही, आवाज येत नाही. पडद्यावर फक्त `No Signal` दिसते आणि ठपका मॉनिटरवर येतो.

३. एक उदाहरण शेवटपर्यंत पाहू

समजा, अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या केशोरीसारख्या गावातल्या सेवा केंद्रात चालकासमोर एक मॉनिटर आहे आणि अर्जदाराकडे तोंड केलेला दुसरा लावायचा आहे. ही मागणी रास्त आहे. उत्पन्नाच्या दाखल्यावरचे नाव किंवा धान विक्रीच्या नोंदणीतला बँक खाते क्रमांक ‘सबमिट’ करण्याआधी शेतकऱ्याला स्वतः वाचता यायला हवा. खात्याचा एक आकडा चुकला तर पैसे अडकतात आणि हेलपाटे त्यालाच पडतात.

संगणकावर दोन डिस्प्लेपोर्ट आणि एक व्हीजीए आहे. जुना मॉनिटर व्हीजीएवर चालू आहे. नवा मॉनिटर १९२० × १०८० चा, एचडीएमआयवाला. इथे साधी ‘डीपी टू एचडीएमआय’ केबल पुरते. या चित्राला सेकंदाला ६० वेळा उमटायला १४८.५ मेगाहर्ट्झचा ठेका लागतो आणि पहिल्या प्रकारच्या साध्या अडॅप्टरची मर्यादा १६५ आहे. म्हणजे थोडी जागा राखूनच काम होते. केबल लावल्यावर विंडोजची कळ आणि `P` एकत्र दाबून `Extend` निवडावे आणि अर्जाची खिडकी तेवढी दुसऱ्या पडद्यावर सरकवावी. `Duplicate` निवडल्यास चालकाच्या पडद्यावरचे सगळेच, आधीच्या अर्जदाराच्या माहितीसकट, समोरच्याला दिसते. ते टाळायला हवे.

पुढे संगणक दुरुस्तीला जातो. बदली म्हणून लॅपटॉप येतो, त्याला फक्त एचडीएमआय. दुसऱ्या खोलीतून एक मॉनिटर आणला जातो, त्याला डिस्प्लेपोर्ट आणि व्हीजीए. हाताशी असलेली तीच केबल उलटी लावली जाते आणि पडदा काळा राहतो. ‘मॉनिटर गेला’ असा निष्कर्ष काढून तो गाडीत टाकून गोंदियाला पाठवला जातो. तिथे तो व्यवस्थित चालतो, कारण तिथला संगणक डिस्प्लेपोर्टवाला असतो. मॉनिटर परत येतो आणि पुन्हा काळा. या येण्याजाण्यात केंद्राचे कामाचे दिवस जातात, आणि बिघाड मात्र एकाही यंत्रात नसतो.

तीन तपासण्यांनी हे जागेवर कळले असते. एक, मॉनिटरच्या बटणांमधून योग्य इनपुट निवडला आहे का. दोन, केबलवर किंवा खोक्यावर लिहिलेले पहिले नाव संगणकाच्या पोर्टचे आहे का; ‘डीपी टू एचडीएमआय’ म्हणजे डीपी संगणकाकडे, एचडीएमआय पडद्याकडे. तीन, त्या मॉनिटरला दुसऱ्या पोर्टवरून चित्र दिसते का. इथे लॅपटॉपवर ‘एचडीएमआय टू व्हीजीए’ अडॅप्टर लावून मॉनिटरच्या व्हीजीएवर काम त्याच दिवशी सुरू झाले असते. तोही अडॅप्टर एकाच दिशेचा आहे, पण इथे दिशा बरोबर जुळते.

४. मग चांगला कोणता: डिस्प्लेपोर्ट की एचडीएमआय?

अर्ज, दाखले, हजेरी, हिशेब अशा कामाच्या १९२० × १०८० च्या पडद्यावर दोन्हींचे चित्र सारखेच दिसते. ‘डिस्प्लेपोर्ट म्हणजे जास्त स्पष्ट’ हा समज चुकीचा आहे. दोन्ही डिजिटल आहेत. इथे एकच नियम पुरेसा: जो पोर्ट दोन्हीकडे आहे तो वापरा, म्हणजे अडॅप्टरची गरजच उरत नाही.

फरक पडतो तो दोन ठिकाणी. शाळेतला टीव्ही किंवा प्रोजेक्टर असेल तर एचडीएमआय घ्यावा, कारण समोर तोच पोर्ट असतो. दुसरे ठिकाण म्हणजे नकाशे किंवा आराखडे पाहण्यासाठी घेतलेला फोर-के मॉनिटर. एचडीएमआय १.४ असलेल्या संगणकातून त्यावर सेकंदाला ३० च चित्रे येतात. माउस अडखळत सरकतो आणि डोळे लवकर थकतात. डिस्प्लेपोर्ट १.२ पासून आणि एचडीएमआय २.० पासून ६० चित्रे येतात. स्वस्त अडॅप्टर मध्ये आला की त्याची मर्यादा या सगळ्यावर भारी पडते. चांगल्या संगणकातून चांगल्या मॉनिटरवर जाणारे चित्र मधल्या केबलमुळे ३० वर येते किंवा फोर-के मिळतच नाही. म्हणून फोर-के मॉनिटर घेताना संगणकापासून मॉनिटरपर्यंत डिस्प्लेपोर्टच ठेवावा.

५. ‘एवढ्याशा वस्तूसाठी एवढे लिहायचे?’

ही हरकत नेहमी येते. अडॅप्टर काही शे रुपयांचा, त्यात चूक झाली तर दुसरा आणू, असे म्हटले जाते. गोंदिया शहरात दुकान समोर असेल तर ते खरे आहे. सालेकसा, देवरी किंवा अर्जुनी मोरगावच्या टोकाच्या गावात दुसरा अडॅप्टर आणणे म्हणजे एका माणसाचा दिवस. शिवाय सार्वजनिक खरेदीत वस्तू आदेशाप्रमाणे आली की देयक मंजूर होते. ‘कन्व्हर्टर, नग १’ असे लिहिले असेल तर पुरवठादाराने उलट दिशेचा दिला तरी तो आदेशाप्रमाणेच ठरतो. त्याला परत घ्यायला लावण्याचा आधार कार्यालयाकडे उरत नाही. हा तोटा अडॅप्टरच्या किमतीपेक्षा मोठा आहे.

६. नेमके काय लिहावे

जेम संकेतस्थळावरून घ्या किंवा स्थानिक दरपत्रके मागवा, पुढील मजकूर मागणीपत्रात असावा:

> मॉनिटरला एचडीएमआय आणि डिस्प्लेपोर्ट हे दोन्ही इनपुट असावेत व दोन्हींच्या केबल सोबत द्याव्यात.
>
> अडॅप्टर आवश्यक असल्यास: संगणकाकडील टोक ______, मॉनिटरकडील टोक ______, चित्र ______ × ______, सेकंदाला ६० वेळा.
>
> पुरवठ्याच्या वेळी प्रत्यक्ष जोडून चित्र दाखवल्यावरच वस्तू स्वीकारली जाईल.

पहिली ओळ सर्वांत मोलाची आहे. मॉनिटरला दोन्ही इनपुट असतील तर पुढे कोणताही संगणक आला तरी उलट दिशेचे महाग उपकरण घेण्याची वेळ येत नाही. दुसरी ओळ भरण्यासाठी कुणाला तरी उठून दोन्ही यंत्रांची मागची बाजू बघावीच लागते, आणि ती बघितली की निम्मी चूक तिथेच संपते. तिसरी ओळ जबाबदारी पुरवठादाराकडे ठेवते.

यासाठी नवा निधी लागत नाही. ग्रामपंचायत सदस्यांनी आणि शाळा व्यवस्थापन समित्यांनी पुढच्या संगणक खरेदीचा विषय बैठकीत येईल तेव्हा हा मजकूर ठरावात घालण्याचा आग्रह धरावा. जिल्हा परिषदेनेही आठही तालुक्यांसाठी तो एकाच नमुन्यात पाठवावा, म्हणजे प्रत्येक गावाला तो नव्याने शोधावा लागणार नाही.