आजीचा आवाज आणि साडेअकराची वेळ

मंडळी, हल्ली बारशाचं आमंत्रण मोबाईलवर व्हिडिओ होऊन येतं. मला त्याचं वावडं नाही. परगावच्या नातेवाइकाला हळद-कुंकू लावलेलं पोस्टकार्ड मिळण्यापेक्षा बाळाच्या आजीचा आवाज ऐकायला मिळाला, तर त्यात वाईट काय? माझी तक्रार वेगळीच आहे. यातल्या बहुतेक व्हिडिओंत आजीचा आवाजही नसतो आणि बारसं नेमकं किती वाजता हेही कळत नाही. फुगे उडतात, अस्वल टाळ्या वाजवतं, तान्हं बाळ कुठल्याशा कार्टूनच्या आवाजात "माझ्या बारशाला यायचं हं" म्हणतं. मग शेवटी वळणदार अक्षरांत पत्ता येतो आणि चष्मा शोधेपर्यंत निघूनही जातो.

मध्यंतरी नात्यातल्या एका बारशाच्या व्हिडिओत वेळ होती 'सकाळी ११ ते दुपारी ३'. ही हॉल भाड्याने घेतल्याची वेळ! वाचणाऱ्यांनी साहजिकच जेवणाची वेळ समजून सोयीने यायचं ठरवलं. आमची एक मावशी, वय ८४, साताऱ्याहून एसटीने निघाली आणि साडेबारा वाजता पोचली. तोवर आत्याने बाळाच्या कानात कुर्रर्र करून नाव सांगितलं होतं, तिच्या पाठीत धपाटे घालून झाले होते, बायका पाळणा म्हणून उठल्याही होत्या. मावशीच्या हातात घुगऱ्यांचा द्रोण आला. ती काही बोलली नाही, पण पिशवीतली स्वतः शिवलेली कुंची पाळण्यात घालायची राहून गेली ती राहूनच गेली. बारशात जेवण दोन वेळा वाढता येतं, नाव दोनदा ठेवता येत नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की आमंत्रणात पाळण्याची वेळ सांगावी, हॉलची नव्हे. बाकी सगळं त्याभोवती रचावं.

परवा भाचीने तिच्या नातीच्या बारशासाठी मजकूर लिहून मागितला. तो इथे देतो. सोसायटीचं नाव मुद्दाम 'अबक' केलं आहे. बोलायला बाळाची आजी, म्हणजे भाची स्वतः.

पहिलं दृश्य, ५ सेकंद. रिकामा पाळणा, आजीचा हात झालर सारखी करतो आहे.
"नमस्कार. आमच्या घरी पाळणा माळ्यावरून खाली आलाय."

दुसरं, ११ सेकंद. बाळाची इवलीशी मूठ.
"आम्ही तिला चिऊ, ठकी, सोनी, मनाला येईल ती हाक मारतोय. खरं नाव फक्त आत्याला ठाऊक आहे, आणि ती काही सांगत नाही."

तिसरं, १२ सेकंद. साधी पाटी. रविवार, २२ फेब्रुवारी. पाळणा सकाळी ११.३०.
"बारसं रविवारी, बावीस फेब्रुवारीला. पाळण्यात नाव ठेवणार सकाळी साडेअकरा वाजता. तुम्ही अकरापर्यंत या. नंतर सगळे मिळून जेवू."

चौथं, १० सेकंद. दुसरी पाटी, फक्त पत्त्याची.
"ठिकाण, पुण्यात कोथरूडला कर्वे पुतळ्याजवळ, अबक सोसायटी, तळमजल्यावरचा हॉल. एकही पायरी चढायची नाही."

पाचवं, ५ सेकंद. पुन्हा पाळणा, खाली बारीक पट्टीत वार, तारीख, वेळ.
"या हं! झोका द्यायला तुमचे हात हवेत."

झालं. पाऊण मिनिटाच्या आत, साठ-पासष्ट शब्द. निवांत बोलताना सेकंदाला दोन शब्दांच्या वर माणूस जाऊ नये, आणि तारीख-पत्ता तर त्याहून सावकाश सांगावा. म्हणूनच वेळेच्या पाटीला सगळ्यांत जास्त सेकंद दिले आहेत. भाचीच्या मुलाने आधी त्या पाटीला ३ सेकंद दिले होते, कारण "त्यात बघण्यासारखं काय आहे?" अरे बाबा, बघायचं तेच तर आहे! मी त्याला एक युक्ती सांगितली. पाटीवरचा मजकूर मोठ्याने, घाई न करता दोनदा वाचायचा. दुसऱ्यांदा वाचून होईपर्यंत पाटी हलता कामा नये.

आपुलकी कुठून आली, तेही बघा. 'आपली उपस्थिती प्रार्थनीय आहे' यातून ती येत नाही. माळ्यावरून उतरवलेला पाळणा, घरातल्या हाका, गप्प बसलेली आत्या ही या घराचीच माणसं नि वस्तू आहेत, दुसऱ्याच्या व्हिडिओत जशीच्या तशी चिकटवता येणार नाहीत. 'एकही पायरी चढायची नाही' हे तर पत्त्याचंच वाक्य आहे, पण गुडघे दुखणाऱ्या माणसाला त्यात कळतं की आपला विचार कुणीतरी केलाय. बाळाचं नाव मात्र व्हिडिओत नको. ते आधीच फुटलं तर आत्याने कानात सांगायचं काय उरलं? आणि बाळाचा चेहराही मी नको म्हटलं. हे व्हिडिओ कुणाकडून कुणाकडे जातात त्याचा पत्ता नसतो. मूठ पुरते.

आवाज माणसाचा हवा, आणि गाणं लावायचंच असेल तर वेळ-ठिकाण सांगताना ते पूर्ण थांबवावं, नुसतं कमी करून भागत नाही. कमी ऐकू येणाऱ्याला मागचं गाणं आणि पुढचं बोलणं वेगळं करता येत नाही. अक्षरं जाड, साधी असावीत. व्हॉट्सअ‍ॅपवरून जाताना चित्राचा आकार दाबला जातो आणि सोनेरी, बारीक वेलांट्या पहिल्या पुसट होतात. ११ आणि १ यांत घोटाळा व्हायला तेवढं पुरतं. वार आणि तारीख दोन्ही द्यावेत, कॅलेंडरवर बघून. एक चुकलं तर दुसऱ्यावरून लोक विचारतात तरी.

आता शेवटचं, आणि माझ्या मते व्हिडिओइतकंच महत्त्वाचं. व्हिडिओत लिहिलेला पत्ता बोटाने दाबून नकाशा उघडत नाही, तो कॉपी करून रिक्षावाल्याला दाखवता येत नाही, आणि आठ दिवसांनी गप्पांच्या ढिगाऱ्यात शोधला तर सापडत नाही. म्हणून व्हिडिओखाली हे साध्या अक्षरांत टाइप करून पाठवायचंच:

बारसं: रविवार, २२ फेब्रुवारी
पाळणा: सकाळी ११.३० (अकरापर्यंत यावे), नंतर जेवण
ठिकाण: अबक सोसायटी, तळमजला हॉल, कर्वे पुतळ्याजवळ, कोथरूड, पुणे

त्याखाली नकाशाची लिंक. ती आधी घराबाहेरच्या कुणाच्या तरी फोनवर उघडून बघावी. पुष्कळदा खूण मागच्या, कुलूप लावलेल्या फाटकावर पडते.

पाठवण्यापूर्वी परीक्षा एकच. घरातल्या, पण या तयारीत नसलेल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला व्हिडिओ एकदाच दाखवायचा, आणि फोन काढून घेऊन विचारायचं, "किती वाजता? कुठे?" भाचीने सासूबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "साडेअकरा, खालच्या हॉलमध्ये. आणि त्या आत्याला सांग, मला तरी नाव सांग म्हणावं!"

मी म्हटलं, पाठवा आता.