मास्तरांचा एक जून

एक जूनला सकाळी नऊच्या ठोक्याला माझा फोन लागोपाठ पाच वाढदिवस सांगतो. सगळे साठी उलटलेले. पोराला शाळेत घालताना आईबापांना तारीख सांगता आली नाही, की मास्तर एक जून लिहून मोकळे व्हायचे. शाळा जूनमध्येच सुरू होणार, त्यामुळे वयाचा हिशेबही आपसूक जमायचा. तीच तारीख पुढे दाखल्यावर, आधारवर आणि तिथून आमच्या फोनात आली.

माझे मामा त्यातलेच. एका वर्षी फोनने आठवण केल्याबरोबर मी ‘हार्दिक शुभेच्छा’ धाडल्या, केकच्या चित्रासकट. संध्याकाळी त्यांचा फोन. “अरे, सकाळी बँकेचा आला, मग विमेवाल्यांचा, मग तुझा. मी नारळी पौर्णिमेचा! तुझ्या आजीनं नारळीभात चुलीवर ठेवला आणि कळा सुरू झाल्या. भात करपला, म्हणून तिथी तिच्या लक्षात राहिली.”

तिथीला फोनमधलं ‘दरवर्षी’चं बटण उपयोगाचं नाही. नारळी पौर्णिमा 2024 मध्ये 19 ऑगस्टला होती, 2025 मध्ये 8 ऑगस्टला आली आणि 2026 मध्ये अधिक ज्येष्ठामुळे एकदम ऑगस्टच्या अखेरीस गेली. म्हणून नवं कॅलेंडर भिंतीवर लागलं की मी श्रावणाचं पान उलटून बघतो आणि ती नोंद हाताने घालतो. आठवण लावतो ती मात्र दोन दिवस आधीच्या संध्याकाळची. त्याच दिवशी सकाळी वाजली, तर माणूस दात घासता घासता अंगठ्याने शुभेच्छा उरकतो.

नोंदीखाली मजकुराला जागा असते, ती बहुतेक जण कोरी सोडतात. मामांशी बोलून झालं की मी तिथे दोन ओळी टिपतो. मागच्या खेपेच्या अशा होत्या : ‘डावा डोळा, मोतीबिंदू, दिवाळीनंतर. ज्ञानेश्वरीची अक्षरं बारीक वाटतात.’ त्यामुळे यंदा ‘तब्येत काय म्हणते?’ऐवजी “मोठ्या टायपाची ज्ञानेश्वरी मिळाली का?” असं विचारता आलं. पुढची वीस मिनिटं मामाच बोलत होते. वाढदिवसाच्या शुभेच्छा द्यायच्या राहिल्या, ते फोन ठेवल्यावर लक्षात आलं.

पण टिपण वर्षभर जुनं असतं, हे मी एकदा विसरलो. ‘मोत्या काय म्हणतो?’ असं मोठ्या हौसेने विचारलं. पलीकडे शांतता. कुत्रा मार्चमध्येच गेला होता. तेव्हापासून त्या दोन दिवसांत आधी मामेबहिणीला फोन करतो. घरात काय घडलंय ते तिच्याकडून कळतं, आणि जुनी ओळ खोडायची की विचारायची ते ठरतं.

एक जूनची नोंदही मी काढून टाकलेली नाही. त्या सकाळी मामांना एवढंच लिहितो, “मास्तरांना नमस्कार.” त्यांचं उत्तर ठरलेलं, “सांगतो. अजून हजेरी घेतायत.”